जुन्या घराला नवी खोली जोडलेल्या सांध्यावर दरवर्षी तडा उघडत असेल तर

तक्रार

जुन्या घराला लागून नवी खोली बांधली जाते आणि पहिल्याच वर्षी दोन्ही बांधकामांच्या सांध्यावर उभी भेग दिसू लागते. मिस्त्री ती खोबणीसारखी उकरतो, सिमेंटने भरतो, वर जाळी ठोकून गिलावा करतो आणि रंग देतो. पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा त्याच जागी उघडते आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी आत येते. काही घरांत नव्या खोलीच्या दारातल्या लाद्या फुटतात, तर काही ठिकाणी भेग सांध्यावर न राहता जुन्या भिंतीत सरकते आणि दोन्ही बांधकामे जोडण्यासाठी सळया बसवलेल्या जागेभोवती विटांचे टवके निघू लागतात.

"आम्ही तर केमिकल अँकर लावून सळया बसवल्या होत्या, तरी तडा कसा गेला?" असे घरमालक विचारतात. केमिकल अँकर म्हणजे भोकात सळई चिकटवून धरणारे दोन घटकांचे रेझिन. उत्तर असे की बऱ्याचदा त्या सळयांमुळेच हा तडा जातो. नेमके सांगायचे तर सळया चुकीच्या जागी, दोन्ही टोकांनी घट्ट बसवलेल्या असतात आणि हालचालीसाठी जागा कुठेच सोडलेली नसते.

दोन बांधकामे कशी हलतात

जुन्या घराचा पाया तीस-चाळीस वर्षे भार सोसून बसलेला असतो. नव्या पायावर भार नुकताच आलेला असतो आणि त्याला थोडेफार बसावेच लागते. ही पहिली हालचाल उभी, खालच्या दिशेने होते. दुसरी हालचाल आडवी असते. नवे काँक्रीट वाळताना आक्रसते आणि तापमानानुसार ते लांबते-आखडते, त्यामुळे सांधा किंचित उघडतो आणि मिटतो. काळ्या मातीत तिसरी हालचाल येते. उन्हाळ्यात बाहेरच्या कडेखालची माती वाळून आक्रसते, खोलीखालची झाकलेली माती मात्र ओल धरून राहते. परिणामी नवी खोली जुन्या घरापासून बाहेरच्या बाजूला किंचित कलते आणि पावसाळ्यानंतर बरीचशी परत येते.

डॉवेल बार या तिन्ही हालचालींना एकसारखी वागणूक देत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. खऱ्या अर्थाने डॉवेल म्हणजे गुळगुळीत गोल सळई. तिचे एक टोक एका बाजूच्या काँक्रीटमध्ये पक्के असते, दुसरे टोक समोरच्या बाजूला नळीत मोकळे सरकते. ती सांध्याला उघडू आणि मिटू देते, पण एका बाजूला दुसरीच्या खाली-वर जाऊ देत नाही. हेच टोक नळीऐवजी काँक्रीटमध्ये घट्ट बसवले की ती डॉवेल राहत नाही, ती दोन बांधकामांना बांधणारी साधी सळई होते. आणि सळई मोकळी असली तरी नवा भाग अजून बसत असताना ती लावली, तर तो उभा भार सळईमार्फत जुन्या बांधकामावर लटकतो. पोलाद सहसा तुटत नाही. त्याला धरून ठेवणारी वीट किंवा जुने काँक्रीट फुटते.

म्हणून दुरुस्ती करण्याआधी आपल्या सांध्यावर यांपैकी कोणती हालचाल चालू आहे हे शोधावे लागते.

निदान: भेग काय सांगते

भेगेची रुंदी तीन ठिकाणी मोजावी: छताजवळ, मध्यावर आणि जोत्याजवळ. प्रत्येक ठिकाणी भेगेच्या दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक बारीक खिळा ठोकून त्यांच्या डोक्यांतले अंतर व्हर्नियरने मोजले, तर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कळतो. काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धतही चालते, पण काच फुटली म्हणजे हालचाल झाली एवढेच त्यातून समजते. किती झाली आणि कोणत्या दिशेने झाली, हे समजत नाही. मोजमाप किमान उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या शेवटी अशा दोन वेळा व्हावे. एकाच दिवशी पाहून दिलेल्या निदानावर मी तरी खर्च करायला सांगणार नाही.

भेग वरपासून खालपर्यंत साधारण सारखी, दोन मिलिमीटरच्या आत आणि पहिल्या वर्षानंतर जवळजवळ स्थिर असेल, तर ती आक्रसण्याची आणि तापमानाची भेग असते. दोन्ही बाजूंच्या गिलाव्यावरची मूळ आडवी रेघ, खिडकीचा पट्टा किंवा रंगाची पट्टी सांध्यावर एका रेषेत राहिली नसेल, तर उभी हालचाल झालेली आहे. भेग वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर नवा भाग बाहेर कलत आहे. भेग सांधा सोडून जुन्या भिंतीत तिरकी गेली असेल, किंवा सळईच्या जागेभोवती वीट शंकूच्या आकारात सुटत असेल, तर दोन्ही टोकांनी अडकलेल्या सळया भिंत ओढत आहेत.

एक प्रत्यक्ष घर

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या मातीच्या पट्ट्यातले हे घर १९८८ चे आहे. विटांच्या भार घेणाऱ्या भिंती, जोत्यावर २३० मि.मी. रुंद आणि तेवढ्याच खोलीचा आरसीसी पट्टा, वर आरसीसी स्लॅब. त्याला लागून एका मजल्याची, आरसीसी कॉलम-बीमची नवी खोली बांधली गेली. सांध्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत तिची रुंदी ३.६ मीटर आणि उंची ३ मीटर. कॉलमचे सेंटरिंग बसावे म्हणून नवे कॉलम जुन्या भिंतीपासून सुमारे ५० मि.मी. दूर ठेवले होते. नंतर ही फट विटांचे तुकडे आणि मसाला कोंबून भरली. त्याआधी जुन्या विटांच्या भिंतीत भोके पाडून, केमिकल भरून १२ मि.मी.च्या सळया बसवल्या होत्या आणि त्यांची दुसरी टोके नव्या कॉलममध्ये काँक्रीटबरोबर ओतली होती. स्लॅबच्या पातळीवरही अशाच सळया होत्या.

उन्हाळ्याच्या शेवटी भेग वर ६ मि.मी. आणि जोत्याजवळ २ मि.मी. होती. पावसाळ्यानंतर वरची २ मि.मी. आणि खालची १ मि.मी.वर आली. दारात नव्या खोलीची फरशी जुन्या फरशीपेक्षा ४ मि.मी. खाली गेलेली होती.

या आकड्यांवरूनच बरेच कळते. काँक्रीटसाठी तापमानाच्या प्रत्येक अंशामागे लांबीच्या एक लाखांशाइतका फरक धरला, तर ३.६ मीटर लांबीत ३० अंशांच्या फरकाने जेमतेम १ मि.मी. हालचाल होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आक्रसण्यासाठी दिलेले ०.०००३ हे ढोबळ प्रमाण धरले तर आणखी १ मि.मी. मिळतो. दोन्ही मिळून २ मि.मी. होतात आणि भेग ६ मि.मी.ची आहे. म्हणजे ऊन आणि आक्रसणे यांवर सगळा दोष टाकता येत नाही.

आता वरच्या आणि खालच्या रुंदीतला ४ मि.मी.चा फरक पाहा. ३ मीटर उंचीत ४ मि.मी. कल असेल, तर त्याच प्रमाणात ३.६ मीटर रुंदीत बाहेरची कडा आतल्या कडेपेक्षा सुमारे ५ मि.मी. खाली गेलेली असली पाहिजे. पाण्याची नळी लावून नव्या खोलीच्या फरशीची पातळी मोजली, तेव्हा बाहेरची कडा जवळपास तेवढीच उतरलेली मिळाली. दोन स्वतंत्र मोजमापांचा मेळ बसला की निदानावर विश्वास ठेवता येतो: खोली उन्हाळ्यात बाहेर कलते, पावसाळ्यात बरीचशी परत येते. बाहेरच्या भिंतीला लागून मोकळी जमीन होती, पाणी वाहून नेणारी फरशी नव्हती आणि न्हाणीघराचे पाणी तिथेच मुरत होते. त्यामुळे मातीचा ओलावा ऋतूनुसार जोरात बदलत होता.

विटेतला केमिकल अँकर

ठेकेदाराने वापरलेले केमिकल वाईट नव्हते. जागा वाईट होती. केमिकल अँकरच्या डब्यावर छापलेली ताकद चांगल्या काँक्रीटमधली असते. चाळीस वर्षांच्या मऊ भट्टीच्या विटेत रेझिन विटेला उत्तम चिकटते, पण वीटच शेजारच्या विटांपासून सुटते, आणि भोक विटांच्या सांध्यात पडले असेल तर रेझिन फक्त भुसभुशीत मसाल्याला धरते. पोकळ ब्लॉक असतील तर जाळीची नळी घातल्याशिवाय रेझिन पोकळीत वाहून जाते. खिडकीची जाळी किंवा रॅक टांगण्यासाठी विटेतला अँकर चालतो. पण सबंध खोलीची हालचाल विटेतल्या सळईने रोखण्याचा हिशोब बसत नाही. डॉवेल घ्यायचीच असेल तर ती जुन्या घराच्या आरसीसी भागातच घ्यावी, आणि या घरात असा भाग जोत्यावरचा पट्टा होता.

सळया खरोखर भरल्या गेल्या का, याचा एक सोपा हिशोब आहे. १६ मि.मी.च्या सळईसाठी २० मि.मी.चे भोक १६० मि.मी. खोल पाडले, तर सळईभोवतीची जागा सुमारे १८ मिलिलिटर भरते. म्हणजे रेझिनच्या ३०० मिलिलिटरच्या एका नळीतून थोडे वाया जाणे धरून जास्तीत जास्त चौदा-पंधरा सळया बसाव्यात. एका नळीत चाळीस सळया बसवल्याचे कोणी सांगितले, तर भोके अर्धी रिकामी आहेत असे खुशाल समजावे.

दुरुस्ती: आधी सोडवणे, मग जोडणे

या घरात भिंतींच्या सांध्यावर दोन्ही बांधकामे पूर्णपणे वेगळी करायची, स्लॅबच्या पातळीवरही वेगळी ठेवायची आणि फक्त दाराच्या उंबरठ्यात, जिथे पातळीतला फरक पायाला आणि लादीला त्रास देतो तिथे, डॉवेलने जोडायचे, असे ठरले. उंबरठा हीच जागा निवडण्याचे कारण असे की कलणारी खोली जोत्याजवळ सर्वांत कमी उघडते, आणि डॉवेल तिथे लावल्यास कल अडत नाही, फक्त खाली-वर सरकणे थांबते.

पहिले काम बाहेरचे. नव्या खोलीभोवती सुमारे एक मीटर रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा घातला, न्हाणीघराचे पाणी पाइपने दूर नेले. एवढे केल्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा भेगेवर फक्त लक्ष ठेवले. घरमालकाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण हालचाल कमी झाली की नाही हे कळल्याशिवाय डॉवेल लावण्यात अर्थ नसतो. पायाखालची माती अजून बसत असेल तर डॉवेल जुन्या पट्ट्याचा कोपरा फोडते. या घरात पुढच्या उन्हाळ्याअखेर वरची भेग ६ ऐवजी ४ मि.मी.वर थांबली आणि दारातला पातळीचा फरक वाढला नाही. मगच पुढचे काम हाती घेतले.

फटीत कोंबलेले विटांचे तुकडे आणि मसाला वरपासून जोत्यापर्यंत काढला आणि त्यातून जाणारी प्रत्येक सळई कापली. मुठीएवढा मसाल्याचा गोळा किंवा एक सळईही मागे राहिली तर तीच टेकण बनते, आणि सगळा जोर तिथे एकवटून नवा तडा जातो. म्हणून बॅटरीच्या उजेडात फट आरपार पाहावी, लांब पट्टी घालून वरपासून खालपर्यंत फिरवावी. स्लॅबवर नवा स्लॅब बीमच्या पुढे ५० मि.मी. बाहेर येऊन जुन्या स्लॅबला टेकला होता. त्या बाहेर आलेल्या कडेतून २५ मि.मी.चा काप घेतला. त्या जागी मुख्य सळया नव्हत्या म्हणूनच हे शक्य झाले. कुठलाही काप घेण्याआधी नकाशा किंवा सळया शोधण्याचे यंत्र पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरची संमती घ्यावी आणि खाली टेकू लावावेत.

फटीची रुंदी किती

फट लहान असली की दिसायला बरी, म्हणून दहा मिलिमीटर पुरे असा आग्रह होतो. फट बंद करणाऱ्या लवचिक सीलंटच्या दृष्टीने हा आग्रह महागात पडतो. चांगले पॉलीयुरेथेन किंवा सिलिकॉन सीलंट सहसा आपल्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत ताण सहन करण्यासाठी बनवलेले असते. सांधा ४ मि.मी. उघडला आणि त्याच वेळी एक बाजू ५ मि.मी. खाली सरकली, असे धरू. दहा मिलिमीटरच्या फटीतले सीलंट मूळ लांबीपेक्षा जवळपास ४९ टक्के ताणले जाते आणि पहिल्याच उन्हाळ्यात फाटते. २५ मि.मी.च्या फटीत तीच हालचाल सुमारे १८ टक्के ताण देते. म्हणून कॉलमजवळ आत ५० मि.मी. असलेली फट इथे तोंडाशी २५ मि.मी. ठेवली.

भूकंपाच्या दृष्टीने मात्र वेगळा हिशोब लागतो. दोन बांधकामे हलताना एकमेकांवर आपटू नयेत म्हणून किती अंतर लागेल, ते आयएस १८९३ प्रमाणे दोन्ही इमारतींच्या सरकण्यावरून काढतात. एका मजल्याच्या छोट्या खोलीला २५ मि.मी. पुरू शकते, दोन किंवा तीन मजल्यांना बहुधा नाही. हा आकडा इंजिनिअरकडून काढून घ्यावा.

उंबरठ्यातल्या डॉवेल

दार १.२ मीटर रुंद होते, त्यात ३०० मि.मी. अंतराने चार डॉवेल आल्या. नव्या खोलीच्या बाजूला फरशीखालचा शेवटचा ६०० मि.मी.चा पट्टा फोडून काढला होता, तो डॉवेल बसवल्यानंतर शेवटी ओतायचा होता. नवे बांधकाम पहिल्यापासूनच करत असाल तर हा पट्टा सुरुवातीलाच मोकळा ठेवावा आणि भिंती, स्लॅब, गिलावा असा सगळा भार नव्या पायावर येऊन निदान एक पावसाळा गेल्यानंतर भरावा.

सळई १६ मि.मी.ची, गुळगुळीत गोल, गंज न लागणारी किंवा जस्ताचा मुलामा दिलेली. पीळ असलेली सळई इथे चालत नाही, कारण ग्रीस लावले तरी तिच्या कडा काँक्रीटमध्ये अडकतात. जुन्या बाजूच्या १६० मि.मी. भागावर आटे पाडले होते, म्हणजे रेझिन त्यात धरते. एकूण लांबी ३८५ मि.मी.: १६० जुन्या पट्ट्यात, २५ फटीत आणि २०० नव्या काँक्रीटमधल्या नळीत. नळी २२५ मि.मी. लांब घेतली आणि तिच्या तळाशी २५ मि.मी.चा फोमचा बूच बसवला. सांधा मिटताना सळईचे टोक त्या मऊ जागेत शिरते. हा बूच नसेल आणि नळी ठीक सळईएवढीच असेल, तर सळई काँक्रीटवर टेकते आणि सांधा मिटू शकत नाही. नळीचे तोंड चिकटपट्टीने बंद करावे, नाहीतर ओतताना सिमेंटचे पाणी आत शिरते आणि मोकळे टोक कायमचे पक्के होते.

सळई कापताना शिअर मशीन वापरले तर टोकाला बारीक काठ उलटतो आणि नळीत अडकतो. आरीने कापून कडा घासावी.

भोके २० मि.मी.ची, जुन्या पट्ट्याच्या वरच्या कडेपासून १०० मि.मी. खाली. आधी सळया शोधण्याच्या यंत्राने आतली मूळ सळई कुठे आहे ते पाहिले, एके ठिकाणी कडी आली म्हणून भोक बाजूला सरकवले. चारही भोके सांध्याला काटकोनात, एकाच पातळीत आणि एकमेकांना समांतर पाहिजेत. हाताने धरलेले ड्रिल हमखास तिरके जाते, आणि चारपैकी दोन डॉवेल वेगवेगळ्या कोनांत असल्या तर नळ्या असूनही सांधा कुलूप लागल्यासारखा बंद होतो. भोके पाडलेला जाड लाकडी किंवा लोखंडी साचा भिंतीला बसवून त्यातून ड्रिल घालणे हाच सोपा उपाय.

भोकाची सफाई हे केमिकल अँकरमधले सर्वांत जास्त टाळले जाणारे काम. ड्रिलची भुकटी भोकाच्या भिंतीला चिकटून राहते आणि रेझिन काँक्रीटऐवजी त्या भुकटीला चिकटते. तळापासून हवा मारून भुकटी बाहेर काढायची, भोकापेक्षा किंचित मोठ्या गोल तारेच्या ब्रशने घासायचे, पुन्हा हवा मारायची, आणि हा क्रम निदान दोनदा करायचा. तोंडाने फुंकून किंवा पाण्याने धुऊन हे होत नाही. बोट फिरवल्यावर पांढरी पूड लागत असेल तर भोक अजून घाण आहे.

रेझिनच्या नळीतून येणारे पहिले काही दाब टाकून द्यावे लागतात. दोन घटक नीट मिसळून रंग एकसारखा झाला की मगच भरायला सुरुवात करावी. नोझल तळापर्यंत नेऊन, बाहेर ओढत ओढत, भोक सुमारे दोन तृतीयांश भरावे. मग सळई हळूहळू फिरवत आत घालावी, तोंडाशी थोडे रेझिन बाहेर आले पाहिजे. बाहेर काहीच आले नाही तर भोक भरलेले नाही, सळई काढून पुन्हा करावे. उन्हाळ्याच्या दुपारी रेझिन काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून हे काम सकाळी करावे, भोके आधी तयार ठेवावीत आणि डब्यावरच्या तापमानाच्या तक्त्यात लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत सळईला हात लावू नये. मुदत संपलेली रेझिनची नळी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

जुन्या पट्ट्यावर हातोडीने ठोकून आवाज भसभशीत आला, किंवा भोक पाडताना तांबडी गंजाची पूड आली, तर तिथे डॉवेल लावू नये. अशा पट्ट्याला आधी वेगळी दुरुस्ती लागते. ती परवडत नसेल तर उंबरठ्यात डॉवेल न लावता दोन्ही बाजूंच्या फरशीमध्ये फट ठेवून वर एका बाजूलाच स्क्रू केलेली धातूची पट्टी टाकणे बरे.

फट भरणे आणि झाकणे

फट फक्त भिंतीत असून चालत नाही. जोत्यापासून गिलावा, लाद्या, खिडकीखालचा पट्टा, गच्चीवरचा कोबा, कठडा असा प्रत्येक थर त्याच रेषेत कापलेला असावा लागतो. गिलावा फटीवरून ओढला की तडा गिलाव्यावर येणारच, आणि त्यावर जाळी ठोकल्याने तो फक्त जाळीच्या कडेला सरकतो.

आत फोमची लवचिक शीट घातली. थर्मोकोल सेंटरिंगपुरते ठीक आहे, पण त्याचे तुकडे होऊन मसाला त्यात शिरतो, म्हणून मी ते आत ठेवत नाही. बाहेरच्या तोंडाशी फटीपेक्षा साधारण चौथ्या भागाने जाड, म्हणजे ३० मि.मी.च्या आसपासची बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, दाबून बसवली. सीलंट फटीच्या दोन्ही भिंतींना चिकटले पाहिजे, पण पाठीमागच्या पृष्ठभागाला नाही. तिन्ही बाजूंना चिकटले तर ते ताणले जाऊ शकत नाही आणि मधून फाटते. रॉड हा मागचा पृष्ठभाग असतो आणि सीलंट तिला घट्ट धरत नाही, हा तिचा मुख्य उपयोग. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी, इथे सुमारे १२ मि.मी. ठेवली. कडांवर धूळ किंवा जुना रंग असेल तर प्रायमरही उपयोगी पडत नाही, त्यामुळे कडा आधी घासून साफ केल्या.

सीलंट भरण्याचा महिना महत्त्वाचा आहे. या घरात फट उन्हाळ्याअखेर सर्वांत रुंद आणि पावसाळ्यानंतर सर्वांत अरुंद होते. ऑक्टोबरमध्ये भरले असते तर पुढच्या सहा महिन्यांत ते फक्त ताणले गेले असते. जानेवारी-फेब्रुवारीत फट मध्यावर असते, तेव्हा भरल्याने ताण दोन्हीकडे वाटला गेला.

गच्चीवर फट नुसती सीलंटवर सोडू नये. दोन्ही स्लॅबच्या कडांवर सुमारे १५० मि.मी. उंच काँक्रीटचे वरंबे घेतले आणि वरून वाकवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा टाकला. पत्रा फक्त जुन्या बाजूच्या वरंब्यावर स्क्रूने बसवला, नव्या बाजूला तो नुसता टेकतो. दोन्हीकडे स्क्रू मारले तर पत्रा पहिल्याच वर्षी स्क्रूची भोके मोठी करतो आणि पाणी नेमके तिथून उतरते. वॉटरप्रूफिंगचा थर दोन्ही वरंब्यांच्या बाहेरच्या अंगावर वर चढवून थांबवला, फटीवरून ओढला नाही.

दुरुस्तीनंतरही पाणी येत असेल तर

आधी सीलंट पाहावे. ते एका कडेपासून सुटले असेल तर पृष्ठभाग साफ नव्हता, मधून फाटले असेल तर फट लहान किंवा मागचा पृष्ठभाग चिकटलेला होता. दोन्ही ठीक असूनही पाणी येत असेल तर गच्चीवरचा पत्रा उचलून वरंब्यांच्या बाहेरच्या बाजूने पाणी टाकावे आणि खाली कुठे दिसते ते पाहावे; बहुतेक वेळा पाणी सांध्यातून न येता शेजारच्या कोब्याच्या भेगेतून आडवे जाऊन सांध्यापाशी उतरलेले आढळते.

उंबरठ्यावरची लादी पुन्हा फुटली, तर लाद्यांमध्ये फट सोडलेली आहे का ते आधी पाहावे. ती असूनही फुटत असेल तर नळीत सिमेंट शिरून डॉवेल अडकली आहे असे समजावे. अशा वेळी शेवटचा ६०० मि.मी.चा पट्टाच उघडून नळ्या पुन्हा बसवाव्या लागतात, वरवर भरण्याने काही साधत नाही. आणि जुन्या पट्ट्याचा कोपराच डॉवेलजवळ फुटत असेल, तर नवा पाया अजून खाली जात आहे. तिथे आधी डॉवेल कापावी आणि पायाची तपासणी माती पाहणाऱ्या इंजिनिअरकडून करून घ्यावी, कारण काळ्या मातीच्या खोल थरात ओलाव्याचा बदल काही मीटर खालपर्यंत पोहोचतो आणि तशा ठिकाणी उपाय सांध्यात नसतो, पायात असतो.